बंदोबस्ताचा अर्ज : गर्दी येण्याची वेळ आणि फुटण्याची वेळ
(लेखमाला : अर्ज कसा लिहावा)

मागील भागात आपण ध्वनिक्षेपकाच्या परवानगीचा अर्ज पाहिला. या भागात मोठ्या धार्मिक सोहळ्यासाठी पोलिसांकडे बंदोबस्त मागणारे पत्र पाहू. उदाहरण आपल्या सोलापूरचेच घेऊ.

ग्रामदैवत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा संक्रांतीच्या सुमारास भरते. पहिल्या दिवशी सात नंदीध्वज निघून अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, मग होमविधी आणि त्यानंतर शोभेचे दारूकाम. या चारही दिवसांची गर्दी वेगवेगळ्या स्वभावाची असते. तैलाभिषेकाच्या दिवशी ती मिरवणुकीबरोबर सरकत राहते. अक्षतेच्या दिवशी ती एका जागी साचते आणि शेवटची अक्षता पडताच सगळी एकदम निघते. म्हणून ‘चार दिवस यात्रा, लाखो भाविक, योग्य तो बंदोबस्त मिळावा’ एवढ्यावर पोलिसांना काहीच ठरवता येत नाही. मनुष्यबळ कुठे आणि किती वाजता उभे करायचे, हे त्यांना पत्रातूनच कळायला हवे.

संख्या काढण्याची रीत सोपी आहे. समजा, एखाद्या मंडळाचे सोहळ्याचे पटांगण 60 मीटर लांब आणि 40 मीटर रुंद आहे. म्हणजे 2400 चौरस मीटर. त्यातून मंच, मंडप, मानकऱ्यांची जागा आणि मिरवणुकीची वाट मिळून 900 वजा केले की माणसांसाठी 1500 उरतात. एका चौरस मीटरला तीन माणसे धरली तर 4500 जण नीट उभे राहतील. चारच्या पुढे दाटी गेली की माणसाला स्वतःच्या मर्जीने वळता येत नाही. पाच-सहाला तर एकाचा धक्का दहाजणांपर्यंत पोचतो. म्हणून पत्रात ‘एका वेळी कमाल 4500’ असे लिहावे आणि तो आकडा झाला की आत येणारी वाट थांबवण्याची विनंतीही करावी.

आता वेळ. बहुतेक अर्जांत फक्त कार्यक्रम सुरू होण्याची वेळ असते. पण माणसे तीन तासांत हळूहळू जमतात आणि जायला मात्र एकाच मिनिटाला निघतात. आपल्या पटांगणाला तीन-तीन मीटरच्या दोन वाटा आहेत असे धरू. लेकराबाळांसह, म्हाताऱ्या माणसांसह चालणारी गर्दी दर मीटर रुंदीतून मिनिटाला सुमारे 40 जण या हिशेबाने बाहेर पडते. दोन वाटांतून 240 जण, म्हणजे पटांगण रिकामे व्हायला सुमारे 19 मिनिटे. त्यातली एक वाट फुलवाल्यांनी किंवा उभ्या केलेल्या दुचाकींनी अडली, तर 38 मिनिटे लागतात. तेवढा वेळ मागचे लोक पुढच्यांना रेटत राहतात. या वाटा मोकळ्या ठेवणे हीच पोलिसांकडे करायची पहिली मागणी असावी.

वाट अडली की काय होते ते 25 जानेवारी 2005 रोजी दिसले : वाईजवळच्या मांढरदेवी यात्रेत चेंगराचेंगरीत सुमारे तीनशे भाविकांचा जीव गेला. अरुंद चढाची वाट, दोन्ही बाजूंनी दुकाने, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि नंतर दुकानांना लागलेली आग, असे ते घडत गेले. यातली वाट, दुकाने आणि पायऱ्या आधीपासून डोळ्यांसमोर होत्या.

पत्राचा गाभा असा असावा :

प्रति, मा. पोलीस आयुक्त, सोलापूर शहर (मार्फत : संबंधित पोलीस ठाणे)
विषय : अक्षता सोहळ्यासाठी गर्दी नियंत्रण व बंदोबस्ताबाबत
महोदय, सोहळा दि. … रोजी दुपारी … वाजता आहे. भाविक सकाळी … पासून येतील. सर्वाधिक गर्दी … ते … या वेळेत राहील, एका वेळी कमाल 4500. सोहळा … वाजता संपून पुढील 20 मिनिटांत सर्वजण बाहेर पडतील. त्या वेळी दोन्ही वाटांवर, तसेच महिलांच्या रांगेजवळ महिला पोलिसांसह बंदोबस्त मिळावा. आमचे … स्वयंसेवक ओळखपत्रासह राहतील. नकाशा सोबत जोडला आहे.

नकाशात वाटा, मंच, प्रथमोपचाराची जागा आणि रुग्णवाहिका कुठून येईल, हे दाखवावे. नंदीध्वजांसारख्या उंच काठ्यांची मिरवणूक असेल तर मार्गावरच्या विजेच्या तारा नोंदवून पत्राची प्रत महावितरणला द्यावी. अग्निशामक दल आणि महापालिकेलाही प्रत द्यावी. पत्र किमान महिनाभर आधी द्यावे, पोच घ्यावी आणि पोलिसांसोबत जागेची प्रत्यक्ष पाहणी मागावी.

पाहणीच्या दिवशी मीटरपट्टी घेऊन जा. वाट अर्जात लिहिली त्यापेक्षा अरुंद निघाली, तर माणसांचा आकडा कमी करून नवे पत्र द्या.