मिरची शंभर किलो, तिखट पंच्याण्णव

छोट्या मसाला कारखान्यात महिनाअखेर टॅलीचा स्टॉक पाहिला, की हमखास एक चमत्कार दिसतो: सुकी मिरची गोदामात नसूनही ढिगाने, आणि तिखट वजा! खरेदी-विक्रीची बिलं चढवली, पण दळणाची नोंद राहिली.

ही नोंद म्हणजे स्टॉक जर्नल. टॅलीप्राइममध्ये Alt+F7 दाबा. डावीकडे काय वापरलं ते: मिरची 100 किलो, दर 190, एकूण 19,000 रुपये. उजवीकडे काय तयार झालं ते. इथेच गफलत होते. सवयीने 100 किलो तिखट लिहिलं जातं. देठ, ओलावा आणि उडालेली पूड वजा जाता काट्यावर भरतं 95 किलो. तेच लिहा. मग किलोचा दर 190 नव्हे, 200 रुपये पडतो. दळणावळीचे 950 रुपये धरले, तर 210.

200 रुपयांना तिखट विकून दहा रुपये सुटले असं वाटत असेल, तर प्रत्यक्षात दहा रुपये गेलेले असतात. मजुरी दिल्याची नोंद मात्र वेगळीच करावी लागते. स्टॉक जर्नल खात्यांना हात लावत नाही, फक्त माल हलवतं. वजन अंदाजाने लिहू नका, काट्यावरचंच लिहा.