'च्या' म्हणजे 'के' नव्हे

'मेरे बहन को बुखार आया है.' महाराष्ट्रात हे वाक्य इतकं सहज कानावर पडतं, की त्यात काही चुकलं आहे असं बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यालाही वाटत नाही. हिंदी मातृभाषा असलेल्या माणसाला मात्र ते पहिल्या दोन शब्दांतच खटकतं. त्याच्या लेखी 'मेरी बहन को' हेच एक रूप आहे. ही चूक निष्काळजीपणाची नाही. आपण मराठीचा एक नियम अगदी काटेकोरपणे पाळतो आणि तो हिंदीत नेतो, म्हणून ती होते.

तो नियम सामान्यरूपाचा. नामाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्याआधी नामात जो बदल होतो, त्याला शाळेत आपण सामान्यरूप म्हणायला शिकलो: घोडा–घोड्याला, घर–घरात, शाळा–शाळेत, माणूस–माणसाने. मराठीत बहुतेक नामं असा बदल सोसतात. हिंदीतही 'ने', 'को', 'से', 'में', 'पर', 'का' यांच्या आधी नाम बदलतं, पण फार कमी वेळा. एकवचनात फक्त आकारान्त पुल्लिंगी नामं वाकतात: लड़का–लड़के को, कमरा–कमरे में. 'घर में' म्हणताना 'घर' तसंच राहतं, 'भाषा में' म्हणताना 'भाषा'ही तशीच राहते. स्त्रीलिंगी नाम तर एकवचनात मुळीच हलत नाही. 'राजा', 'पिता', 'चाचा', 'मामा' हे पुल्लिंगी शब्द आकारान्त असूनही बदलत नाहीत, आणि इथे मराठी माणसाला अडचण नाही, कारण आपणही 'राजाला' आणि 'मामाला' असंच म्हणतो. अनेकवचनात मात्र हिंदी कुणाला सोडत नाही. घरों में, बहनों को, भाषाओं से, लड़कों ने असा 'ओं' सगळ्यांना लागतो.

नामापर्यंत गोष्ट सोपी आहे. खरी गफलत नामाच्या आधी येणाऱ्या शब्दांत होते.

मराठीत नामाला प्रत्यय लागला की त्याच्या मागचं विशेषण आणि षष्ठीचं रूप दोन्ही 'या'वर येतात, मग नाम कोणत्याही लिंगाचं असो. 'माझा भाऊ', 'माझी बहीण', 'माझं घर' ही तीन वेगळी रूपं प्रत्यय लागताच एक होतात: माझ्या भावाला, माझ्या बहिणीला, माझ्या घराला. काळा घोडा असो की काळी गाय, दोघांनाही आपण 'काळ्या'च म्हणतो. म्हणजे प्रत्यय लागला की मराठी विशेषण नामाचं लिंग झाकून टाकतं. हिंदी ते झाकत नाही. तिथे पुल्लिंगी 'आ'चा 'ए' होतो आणि स्त्रीलिंगी 'ई' जशीच्या तशी राहते: काले घोड़े को, पण काली गाय को. अनेकवचनातही 'काले घोड़ों को' आणि 'काली गायों को' हा भेद टिकतो. 'ओं' नामालाच लागतो, विशेषणाला नाही. आपण मनातल्या मनात 'माझ्या'च्या जागी 'मेरे', 'च्या'च्या जागी 'के' आणि 'नव्या'च्या जागी 'नए' ठेवत जातो. पुल्लिंगी नाम असेल तोवर हे बिनबोभाट खपतं आणि स्त्रीलिंगी नाम आलं की उघडं पडतं.

एक लांब उदाहरण घेऊ. 'माझ्या मोठ्या बहिणीच्या नव्या घरात.' हिंदीत हे 'मेरी बड़ी बहन के नए घर में' होतं. शेवटून पाहत गेलं की कारण दिसतं. 'में' लागलंय 'घर'ला. घर हिंदीत पुल्लिंगी, म्हणून 'नया'चा 'नए' आणि 'का'चा 'के' झाला. 'के'च्या आधी 'बहन' आहे. ती स्त्रीलिंगी, म्हणून 'मेरी बड़ी' जागचे हलले नाहीत. आता बहिणीच्या जागी भाऊ आणा: 'मेरे बड़े भाई के नए घर में.' पुन्हा बहीण घ्या आणि घराऐवजी दुकान ठेवा: 'मेरी बड़ी बहन की नई दुकान में', कारण 'दुकान' हिंदीत स्त्रीलिंगी आहे. मराठीत मात्र 'माझ्या', 'मोठ्या', 'नव्या' आणि 'च्या' यांतलं एकही रूप तिन्ही वाक्यांत हललं नाही. हिंदीत प्रत्येक जोडावर लिंग विचारलं जातं.

याच कारणाने 'उसके तरफ', 'आपके तरह', 'बारिश के वजह से' हेही चुकतं. 'तरफ़', 'तरह', 'वजह' ही मुळात स्त्रीलिंगी नामं आहेत, म्हणून उसकी तरफ़, आपकी तरह, बारिश की वजह से. 'लिए', 'साथ', 'पास' यांच्याआधी मात्र 'के' येतो. आपल्या 'च्यामुळे', 'च्यासाठी', 'च्याबरोबर' या सगळ्यांत एकच 'च्या' असतो, त्यामुळे हा फरक आपल्या कानाला शिकावाच लागतो.

मग लिंग कळायचं कसं? इथे मराठीच्या भरवशावर राहू नये. हिंदीत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे आपली नपुंसकलिंगी नामं तिथे दोन बाजूंना वाटली जातात. घर, दूध, शहर, फूल पुल्लिंगी झाले. पुस्तक, दुकान, सरकार स्त्रीलिंगी. त्याहून फसवे शब्द म्हणजे जे दोन्ही भाषांत तेच आहेत पण लिंग बदलतात. आपला आवाज, आत्मा, विजय पुल्लिंगी, हिंदीत तिन्ही स्त्रीलिंगी. आपला चहा 'तो', त्यांची चाय 'ती'. आपला पोलीस 'तो', त्यांची पुलिस 'ती'. म्हणून 'त्याच्या आवाजात' म्हणजे 'उसकी आवाज़ में', आणि 'नव्या सरकारचा निर्णय' म्हणजे 'नई सरकार का फ़ैसला'.

क्रियापदाशी जुळणीतही हेच लिंग पुढे येतं. 'रामाने पोळी खाल्ली' आणि 'राम ने रोटी खाई' यांचा सांगाडा एकच, त्यामुळे भूतकाळातला 'ने' मराठी माणसाला इतरांपेक्षा लवकर उमगतो. तरी तीन ठिकाणी पाय घसरतो. मराठीत 'मी', 'तू', 'आम्ही', 'तुम्ही' यांना 'ने' लागत नाही, हिंदीत लागतो: मैंने चाय पी, आपने चिट्ठी लिखी. दुसरं, कर्माला 'को' लागला की क्रियापद कर्माकडे पाहणं सोडतं. 'मी बहिणीला बोलावलं' यात आपलं क्रियापद नपुंसकलिंगी होतं. हिंदीत ती जागा पुल्लिंगी एकवचन घेतं, म्हणून 'मैंने बहन को बुलाया', 'बुलाई' नव्हे. तिसरं ठिकाण 'लाना'. 'त्याने पुस्तक आणलं' वरून आपण 'उसने किताब लाई' म्हणतो, पण 'लाना'ला हिंदी 'ने' लावत नाही. 'वह किताब लाया' हेच बरोबर, आणि तिथे क्रियापद कर्त्याचं लिंग घेतं.

हिंदी सुधारायची असेल तर नवं नाम सुटं पाठ करू नका, त्याच्यामागे 'मेरा' किंवा 'मेरी' लावून पाठ करा: मेरी आवाज़, मेरी दुकान, मेरा शहर. आणि 'में' किंवा 'को' लावायची वेळ आली की 'मेरी'ला हात लावू नका.