क्लेम उशिरा कळवला? विलंब माफीचं पत्र असं लिहा



बोटीचं नुकसान झालं की आपण आधी बोट बघतो, मग घरचे, मग खलाशी. विमा कंपनीची आठवण सगळ्यात शेवटी होते. आणि नंतर कंपनीचं पत्र येतं: घटना ताबडतोब कळवली नाही, म्हणून दावा नामंजूर. अशा वेळी काय लिहायचं ते आज एका उदाहरणावरून बघू. उदाहरण रचलेलं आहे, पण अडचणी नेहमीच्याच आहेत.

समजा, डहाणूकडचे एक बोटमालक मासेमारी बंदीच्या काळात सुरतेला कोसाडमध्ये मुलाकडे राहायला गेले. बोट गावच्या खाडीत काठावर ओढून बांधलेली. १८ जूनला त्यांना सुरतेच्या दवाखान्यात भरती करावं लागलं. २० जूनच्या रात्री वादळी वाऱ्यात बोटीचा दोर तुटला, बोट खडकावर आदळली आणि तळाच्या फळ्या फुटल्या. २१ तारखेला गावच्या शेजाऱ्याने मुलाला फोन केला. मालक ६ जुलैला घरी आले, ८ ला गावी पोचले, ९ ला तलाठ्याकडून पंचनामा झाला आणि १० ला कंपनीला कळवलं. म्हणजे २० दिवस उशीर. किनाऱ्यावर ओढलेल्या बोटीला पॉलिसीत संरक्षण आहे असं इथे धरलंय. तुमच्या पॉलिसीत ते आहे की नाही, आधी बघा.

कंपनीला ताबडतोब का कळवायचं? तर तिच्या सर्व्हेअरला ताजं नुकसान बघता यावं, कारण तपासता यावं आणि नुकसान आणखी वाढू नये म्हणून. हे समजलं की पत्राची अर्धी वाट मोकळी होते. पत्राने दोनच प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात: उशीर का झाला, आणि त्या उशिराने कंपनीची तपासणीची संधी गेली का? बरेच जण पहिल्याचं उत्तर लिहितात आणि दुसरं विसरतात. 'दयेने विचार करावा' एवढंच लिहून भागत नाही.

आता कलम. पॉलिसीच्या अटींच्या पानावर कळवण्याची मुदत असते. त्याच्याच आसपास बहुतेकदा असं वाक्य असतं की विमाधारकाच्या आवाक्याबाहेरच्या कारणाने उशीर झाला हे सिद्ध झालं, तर कंपनी गुणवत्तेवर तो माफ करू शकते. त्याचा नंबर पत्रात लिहा. ते वाक्य नसेल तरी आधार आहे. विमा नियामकाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना सांगितलं की केवळ उशिराच्या कारणाने खरा दावा नाकारू नये, मुदतीची अट एकटी धरू नये, आणि उशीर माफ करण्याचा शब्द पॉलिसीतच घालावा.

सुप्रीम कोर्टानेही याच बाजूने पाहिलंय. ४ ऑक्टोबर २०१७ च्या ओमप्रकाश विरुद्ध रिलायन्स जनरल या निकालात ट्रक चोरीची खबर कंपनीला आठ दिवस उशिरा दिली होती. कारण पटण्यासारखं होतं, म्हणून दावा मान्य झाला. २४ जानेवारी २०२० च्या गुरशिंदर सिंग निकालात ट्रॅक्टर चोरीला गेल्याच्या दिवशीच पोलिसात फिर्याद होती, कंपनीला मात्र ५२ दिवसांनी कळवलं. तिथेही फक्त उशिरावरून दावा नाकारता येणार नाही, असं तीन न्यायमूर्तींनी ठरवलं. पण लक्षात ठेवा, हे दोन्ही निकाल वाहनचोरीचे आहेत. बोटीच्या नुकसानीला ते जसेच्या तसे लागू होतात असं पत्रात लिहू नका. त्यातलं तत्त्व सांगा. आणि चोरीच्या प्रकरणात पोलिसात त्याच दिवशी जा.

आता पत्र:

प्रति, दावे विभाग, …… विमा कंपनी, …… शाखा
विषय: पॉलिसी क्र. ……, बोट नोंदणी क्र. ……, दि. २० जूनच्या नुकसानीचा दावा, कळवण्यास झालेला विलंब माफ करण्याबाबत

महोदय,
दि. २० जून रोजी रात्री वादळी वाऱ्यात माझ्या बोटीचा दोर तुटून ती खडकावर आदळली. मी ही घटना आपणास १० जुलै रोजी कळवली. २० दिवसांचा विलंब झाला, हे मी मान्य करतो.
विलंबाची कारणे अशी: १८ जून ते ६ जुलै मी सुरत येथे रुग्णालयात दाखल होतो. माझ्या मुलाला २१ जूनला फोनवरून नुकसान समजले. पॉलिसीची कागदपत्रे गावच्या घरी असल्याने नंबराशिवाय कळवता येत नाही असा त्याचा समज झाला, आणि तो रुग्णालयात माझ्यासोबत होता. ८ जुलैला मी गावी पोचलो, ९ जुलैला पंचनामा झाला आणि १० जुलैला आपणास कळवले.
विलंबामुळे आपल्या तपासणीत अडथळा आलेला नाही. बोट त्याच जागी आहे. पाणी आत जाऊ नये म्हणून फक्त तात्पुरते छिद्र बुजवले आहे. तुटलेल्या फळ्या व दोर जपून ठेवले आहेत. २१ जूनचे फोटो सोबत आहेत.
पॉलिसीच्या अट क्र. …… नुसार आवाक्याबाहेरच्या कारणाने झालेला विलंब माफ करून सर्व्हेअर नेमावा व दाव्याचा निर्णय गुणवत्तेवर करावा, ही विनंती. निर्णय लेखी कळवावा.
सोबत: रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद, पंचनामा, फोटो, शेजाऱ्याचे लेखी निवेदन.
आपला, ……

इथे एक गोष्ट बघा. मुलाला २१ तारखेला कळलं होतं, हे आपण लपवलं नाही. मोबाईलचा कॉल रेकॉर्ड ते दाखवू शकतो. खोटं एकदा सापडलं की खरा दावाही बुडतो. तो या पत्राचा कच्चा दुवा आहेच, म्हणून तो कारणासकट लिहिला. खरं तर पॉलिसी नंबर हाताशी नसला तरी नाव आणि बोटीचा नोंदणी क्रमांक सांगून फोन करता येतो. फोन केल्यावर मिळणारा नोंद क्रमांक लिहून ठेवा.

कोसाडसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांनी मराठी पत्रासोबत हिंदी किंवा इंग्रजी प्रत जोडावी. पत्र ईमेलने आणि स्पीड पोस्टाने, दोन्हींनी पाठवा आणि पोचपावती जपा. सर्व्हेअर येईपर्यंत पक्की दुरुस्ती करू नका. नुकसान वाढू नये म्हणून जे करावंच लागतं, त्याचे आधी फोटो काढा.

तरीही नकार आला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, पण कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जायला हवं. आपण जिथे राहतो तिथल्या लोकपालाकडेही तक्रार चालते, म्हणून कोसाडच्या पत्त्यावर अहमदाबादचं कार्यालय येतं. बोट संस्थेच्या नावावर असेल तर हा रस्ता आपल्याला चालतो का, ते आधी लोकपाल कार्यालयात विचारून घ्या. ग्राहक आयोगाचा मार्ग वेगळा आहे. तिथे मुदत दोन वर्षं आहे.

बोटीच्या केबिनमध्ये एक प्रत आणि मुलाच्या मोबाईलमध्ये पॉलिसीच्या पानांचे फोटो, एवढं आजच करून ठेवा.