उचंती खाते शून्यावर आणताना

वर्षअखेरीस तेरीज जुळत नाही, तेव्हा उरलेला फरक उचंती खात्यात टाकून दोन्ही बाजू सारख्या केल्या जातात. पण त्यामुळे चूक मिटत नाही, ती फक्त झाकली जाते. आणि झाकलेली रक्कम खऱ्या चुकांपेक्षा बरीच लहान असू शकते.

एका कापड दुकानाचे उदाहरण आपण घेऊ. ३१ मार्चला नावेची बेरीज ६,८४,३०० रुपये आली आणि जमेची ६,७९,७००. मुनीमजींनी ४,६०० रुपये उचंती खात्यात जमा धरून तेरीज बसवली. पुढे तपासात तीन चुका निघाल्या.

पहिली, विक्री बुकाच्या एका महिन्याची बेरीज १,००० रुपयांनी कमी लागली होती. ग्राहकांची खाती बरोबर होती, विक्री खातेच तेवढे कमी पडले. दुरुस्ती अशी: उचंती खाते नावे १,०००, विक्री खाते जमा १,०००.

दुसरी, एका ग्राहकाकडून ७,२०० रुपये आले. कीर्दीत आकडा बरोबर होता, खतावणीत मात्र २,७०० जमा झाले. म्हणून उचंती खाते नावे ४,५००, ग्राहक जमा ४,५००. आकड्यांची अशी अदलाबदल झाली की फरकाला नेहमी ९ ने भाग जातो.

तिसरी, ग्राहकाला दिलेला ४५० रुपयांचा वटाव वटाव खात्याच्या नावे बाजूऐवजी जमेला गेला. इथे दुरुस्ती दुप्पट रकमेची लागते: वटाव खाते नावे ९००, उचंती खाते जमा ९००. बाजू चुकली की फरक दुप्पट होतो, म्हणून शोधताना फरकाच्या निम्मी रक्कमही पाहावी.

आता उचंती खात्यात जमेला ४,६०० आणि ९०० मिळून ५,५०० झाले, नावेलाही १,००० आणि ४,५०० मिळून तेवढेच. खाते शून्य झाले. नफा १०० रुपयांनी वाढला आणि त्या ग्राहकाकडचे येणे ४,५०० ने घटले. दुरुस्ती न करता आपण वसुलीला गेलो असतो, तर पैसे दिलेल्या माणसाकडेच पुन्हा मागितले असते!

एकूण ६,४०० रुपयांच्या चुका ४,६०० च्या फरकात लपल्या होत्या, कारण तिसरी चूक उलट दिशेची होती. चुका अशा मिसळल्या की ९ चा किंवा निम्म्याचा ताळा एकूण फरकाला लागू पडत नाही. बेरजा पुन्हा लावणे आणि कीर्दीवरून खतावणी एकेक नोंद टिचून पाहणे, हाच मार्ग उरतो.

एक पथ्य मात्र पाळावे. दुकानासाठी घेतलेले ३,००० रुपयांचे कपाट खरेदी खात्यात गेले असेल, तर तेरीज जुळतच असते. त्याची दुरुस्ती फर्निचर खाते नावे, खरेदी खाते जमा अशी थेट करावी. तिथे उचंती खाते मध्ये आणले, तर शून्य झालेले खाते पुन्हा उघडे पडेल. आणि अशा दुतर्फी चुका उचंती खाते शून्य झाल्यावरही वहीत शिल्लक राहू शकतात, हे ध्यानात असू द्यावे.