कपात झाली, पण भरणा झाला का?

कामगारांच्या पतसंस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्याव्या लागतात. अहवाल वाचला जातो, ताळेबंद मंजूर होतो, लाभांशाचा दर ठरतो. एका औद्योगिक वसाहतीतील छोट्या पतसंस्थेच्या सभेत हे सगळे झाल्यावर खजिनदारबाईंनी आयत्या वेळच्या विषयात दहा मिनिटे मागून घेतली. विषय पतसंस्थेचा नव्हता, सभासदांच्या भविष्य निर्वाह निधीचा होता. त्यांनी पहिल्यांदा विचारले, “गेल्या महिन्यात पगारातून फंड कापला गेला, असे किती जण?” सभागृहातले जवळजवळ सगळे हात वर आले. मग विचारले, “तो खात्यात जमा झाल्याचे स्वतः पाहिले, असे किती जण?” या वेळी हात मोजायला वेळ लागला नाही.

हा विषय पतसंस्थेच्या खजिनदारानेच काढावा, याला कारण आहे. पतसंस्थेचे हप्ते आणि शेअर्सची वर्गणीही पगारातूनच कापली जाते. दर महिन्याला कपातीची यादी कंपनीकडे जाते आणि तेवढ्या रकमेचा भरणा संस्थेकडे यायला हवा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ प्रमाणे कापलेली रक्कम संस्थेकडे न भरणाऱ्याकडून ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. कंपनीचे पैसे अडकू लागले की पहिली झळ अशा ठिकाणी लागते, कारण या रकमा कापून घेतल्या तरी पुढे पाठवायला काही दिवस हातात असतात. पतसंस्थेचा भरणा दोन महिने रखडला, तर फंडाचाही रखडला असेल, अशी शंका घेणे शहाणपणाचे ठरते. फरक एवढाच की पतसंस्थेचा रखडलेला भरणा खजिनदाराला लगेच दिसतो. फंडाचा मात्र ज्याचा त्यानेच पाहावा लागतो.

पगाराच्या स्लिपवर ‘पीएफ’च्या रकान्यात आकडा दिसला की पैसे सरकारी खात्यात गेले, असे बहुतेकांना वाटते. स्लिप फक्त एवढेच सांगते की ही रक्कम कामगाराच्या हातात दिली नाही. पुढे ती गेली की नाही, हे कळण्याची जागा म्हणजे कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेचे पासबुक.

भरण्याची पद्धत अशी. महिना संपला की कंपनी प्रत्येक कामगाराचे वेतन आणि वर्गणी लिहिलेले विवरणपत्र संगणकावरून भरते, त्याचे चलन तयार होते आणि पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत त्या चलनाचे पैसे भरायचे असतात. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १२ टक्के कामगाराचे, तेवढेच मालकाचे. मालकाच्या हिश्शातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले फंडात. सक्तीची वर्गणी सध्या महिना १५,००० रुपयांच्या वेतनापर्यंत मोजली जाते.

खजिनदारबाईंनी फळ्यावर १४,००० रुपये वेतनाचा हिशेब मांडला. कामगाराचे १,६८० रुपये. मालकाचेही १,६८०, त्यातले १,१६६ पेन्शनला आणि ५१४ फंडाला. म्हणजे पासबुकात त्या महिन्यासमोर तीन आकडे दिसायला हवेत: १,६८०, ५१४ आणि १,१६६. मिळून ३,३६०. “मालकाचा हिस्सा एवढा कमी कसा?” असे समोरून कोणीतरी विचारलेच. पेन्शनचा रकाना वेगळा असतो हे माहीत नसल्याने हा गैरसमज बऱ्याच जणांचा होतो. ५१४ पाहून घाबरायचे कारण नाही, मात्र पेन्शनच्या रकान्यात १,१६६ आहेत ना, हे बघायचे.

मग त्यांनी त्याच वेतनाच्या एका कामगाराचे वर्ष उदाहरण म्हणून घेतले. बाराही महिने स्लिपवर १,६८० ची कपात आहे. पासबुकात एप्रिल ते जुलै सगळे बरोबर. ऑगस्ट आणि सप्टेंबरची नोंदच नाही. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत नोंदी आहेत, पण १,६८० च्या जागी १,२०० दिसतात. पासबुक नुसते चाळले तर मधले दोन महिने कदाचित लक्षात येतील. पुढचे सहा महिने मात्र सहज नजरेतून सुटतात, कारण तिथे काहीतरी जमा आहे.

१,२०० म्हणजे १०,००० चे १२ टक्के. विवरणपत्रात या कामगाराचे वेतन १४,००० ऐवजी १०,००० दाखवले गेले आहे. कपात मात्र पूर्ण पगारावर झाली. दोन कोऱ्या महिन्यांचे ६,७२० रुपये गेले. पुढच्या सहा महिन्यांत कामगाराचे दरमहा ४८० आणि मालकाचे तेवढेच, म्हणजे ९६० रुपये कमी पडले, त्याचे ५,७६०. वर्षाची तूट १२,४८० रुपये. त्यातले ६,२४० तर कामगाराच्या पगारातून प्रत्यक्ष कापून घेतलेले आहेत.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते आणि ती वर्गणीच्या नोंदींवरून मोजली जाते. पेन्शनची रक्कम ठरवताना वेतनही याच नोंदींमधून घेतले जाते, त्यामुळे कमी दाखवलेल्या वेतनाचा फटका साठीनंतरही बसत राहतो. फंडाला जोडून एक विमा योजनाही आहे. सेवेत असताना कामगार दगावला तर कुटुंबाला त्यातून कमाल ७ लाख रुपये मिळू शकतात, आणि तो हिशेब शेवटच्या बारा महिन्यांच्या वेतनावर बसतो. नेमके तेच महिने कोरे असतील, तर दुःखात असलेल्या घराला जुन्या स्लिपा आणि हजेरीपत्रके शोधत कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. सभागृहात सगळ्यात जास्त शांतता या वाक्याला होती, आणि ते स्वाभाविक आहे. म्हातारपणाची काळजी पुढे ढकलता येते, मुलाबाळांची येत नाही.

पासबुक पाहायला यूएएन, म्हणजे २०१४ पासून प्रत्येक सभासदाला मिळणारा बारा अंकी क्रमांक लागतो. passbook.epfindia.gov.in या संकेतस्थळावर किंवा ‘उमंग’ ॲपवर ते उघडते. नोंदणीकृत मोबाइलवरून 9966044425 या क्रमांकावर मिस्ड कॉल दिला तरी संदेश येतो, पण त्यात शेवटची वर्गणी आणि शिल्लक एवढेच असते. मधला कोरा महिना त्यात दिसत नाही, म्हणून वर्षातून काही वेळा तरी पूर्ण पासबुक उघडायला हवे.

ते वाचताना एक गोष्ट अनेकांना चकवते. नोंदीत ‘Cont. For Due-Month 092024’ असे लिहिलेले असते. हा सप्टेंबरचा पगार नव्हे. ऑगस्टच्या पगाराची वर्गणी सप्टेंबरात देय होते, म्हणून तसे येते. पंधरा तारखेनंतर नोंद चढायला काही दिवस जातात, तेव्हा सोळा तारखेला ओरड करण्यात अर्थ नाही. वर्षाचे व्याजही उशिरा चढते आणि त्या उशिराचा मालकाशी संबंध नसतो. काही मोठ्या, जुन्या कंपन्या स्वतःच्या ट्रस्टमार्फत फंड चालवतात. त्यांच्या कामगारांना हे पासबुक दिसत नाही, त्यांनी ट्रस्टकडून खात्याचा उतारा मागायचा.

गडबड आपल्या एकट्याच्या खात्यात आहे की सगळ्या कारखान्याची, हेही कळते. संघटनेच्या संकेतस्थळावर ‘Establishment Search’ मध्ये कंपनीचे नाव घातले की कोणत्या महिन्याचे पैसे कोणत्या तारखेला भरले, किती भरले आणि किती जणांसाठी भरले, हे पासवर्डशिवाय दिसते. खात्यावर दोनशे माणसे असताना चलन सव्वाशे जणांचे असेल, तर उरलेल्या पाऊणशे जणांनी ताबडतोब आपापली पासबुके तपासायला हवीत.

ठेकेदाराकडच्या कामगारांची अवस्था सगळ्यात बिकट. ठेकेदार बदलतो, काही वेळा नवा ठेकेदार जुना यूएएन न विचारता दुसराच काढतो आणि वर्गणी दोन खात्यांत विखुरते. ठेकेदाराने भरणा केलाच नाही, तर ज्या कंपनीत काम चालते ती मुख्य मालक म्हणून जबाबदार असते. “ते ठेकेदाराला विचारा” हे कंपनीचे उत्तर कायद्याला धरून नाही.

तफावत सापडली तर आधी कंपनीला लेखी पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. शक्यतो पाच-दहा जणांनी मिळून, कारण एकट्याचे नाव लगेच डोळ्यांवर येते. उत्तर आले नाही तर epfigms.gov.in या संकेतस्थळावर किंवा प्रादेशिक कार्यालयात तक्रार करावी. सोबत स्लिपा, पगार जमा झालेले बँकेचे पान आणि पासबुकाची प्रत जोडावी. चौकशीनंतर थकबाकी ठरते. १९५२ च्या कायद्यात त्यावर वर्षाला १२ टक्के व्याज आहे, वर नुकसानभरपाई वेगळी. कामगाराच्या पगारातून कापून न भरलेली रक्कम हा नुसता थकबाकीचा प्रश्नही राहत नाही. आधी भारतीय दंड संहितेने आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ ने तो फौजदारी विश्वासघात मानला आहे.

कंपनी बुडाली तर? महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या प्रकरणात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. राज्य सहकारी बँकेकडे साखर तारण होती आणि कामगारांचा फंड थकला होता. २००९ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की तारण बँकेचे असले तरी फंडाची थकबाकी आधी. मुंबईच्या जेट एअरवेजच्या दिवाळखोरीतही कामगारांचा फंड आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्यावी, हा अपील लवादाचा २०२२ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये कायम ठेवला. मात्र पुढे २०२४ मध्ये त्याच कंपनीच्या मालमत्तेच्या विक्रीचा आदेश निघाला. हक्क पहिला असला, तरी हातात पैसे पडायला वर्षे जातात. कंपनी चालू असताना, तिच्या बँक खात्यात पैसे असताना धरलेली तूट सगळ्यात लवकर भरून निघते.

उशीर करण्यात आणखी एक धोका आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा थकबाकीच्या चौकशीला पाच वर्षांची मुदत घातलेली आहे. निवृत्तीच्या वेळी वीस वर्षांचे पासबुक एकदम उघडण्याची सवय त्यामुळे महागात पडू शकते.

सभा संपताना खजिनदारबाईंनी सभासदांना एवढेच सांगितले: शेवटच्या बारा महिन्यांच्या स्लिपा टाकून देऊ नका. त्या आणि मोबाइल घेऊन येत्या रविवारी संस्थेच्या कार्यालयात या, एकेकाचे पासबुक शेजारी ठेवून जुळवू. ज्यांच्या पतसंस्थेत, युनियनमध्ये किंवा कॅन्टीनच्या टेबलाशी असे कोणी बसत नसेल, त्यांनी दोघा-चौघांनी मिळून हे काम या महिन्यातच करून घ्यावे.