रोजनामा कसा वाचावा

महाराष्ट्रात ज्याला आपण ‘रोजनामा’ म्हणतो, त्यालाच भोपाळच्या जिल्हा न्यायालयात ‘आदेश पत्रिका’ म्हणतात, आणि तिची भाषा बहुधा हिंदी असल्यामुळे तेथील मराठी पक्षकाराला ती परकी वाटत नाही. ecourts.gov.in वर मुकदम्याचा सोळा अक्षरांचा CNR क्रमांक घातला (आरंभी MP, अखेरीस दाखल केल्याचे वर्ष), की तारखांचा तक्ता उघडतो. पण त्यातील Hearing Date एवढेच पाहून जो थांबतो, त्याला तहकुबी दिसते, तिचे कारण दिसत नाही. त्यासाठी Business on Date या स्तंभातील तारखेवर टिचकी मारावी.

समजा, दिवाणी दाव्यात लागोपाठ चार तारखांपुढे ‘साक्ष्य’ हाच हेतू लिहिला आहे. आत पाहता एकदा पीठासीन अधिकारी रजेवर होते, उरलेल्या तिन्ही वेळा प्रतिवादीने मुदत मागितली. पहिली तहकुबी कुणाच्याच माथी बसत नाही; पुढच्या तीन मात्र मोजायच्या, कारण दिवाणी प्रक्रिया संहितेचा सतरावा आदेश सुनावणीत एका पक्षाला तीनहून अधिक तहकुब्या देऊ नयेत असे सांगतो (व्यवहारात तो किती पाळला जातो, हे वकीलमंडळी जाणतात). ‘अंतिम अवसर’ हे शब्द आढळले, तर साक्षीचा हक्क बंद होण्याची ती पूर्वसूचना समजावी.

Cause List ही त्या एका दिवसाची, त्या एका न्यायालयाची यादी. तिच्यातील अनुक्रमांक पुकाऱ्याची वेळ सांगत नाही. आदल्या संध्याकाळी तीत नाव नसेल, तर आधी न्यायाधीश बदलले काय ते पाहावे.