ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचा अर्धा तास

पोटाचं मोठं ऑपरेशन ठरलं की वस्तीतला कार्यकर्ता धावपळीला लागतो. मेडिकल किंवा मेयोत खाट मिळाली का, रक्ताची सोय झाली का, योजनेचे कागद पूर्ण आहेत का, हे सगळं तो बघतो. पण ऑपरेशननंतर श्वास कसा घ्यायचा आणि खाटेवरून कसं उठायचं, हे पेशंटला आधी कुणी शिकवलं का, हे सहसा विचारायचं राहून जातं.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पोटाच्या वरच्या भागाचं ऑपरेशन होणाऱ्या 441 पेशंटवर एक अभ्यास झाला. तो 2018 साली प्रसिद्ध झाला. निम्म्या लोकांना फक्त माहितीपत्रक दिलं. उरलेल्यांना त्याशिवाय फिजिओथेरपिस्टने अर्धा तास समोर बसवून श्वासाचा व्यायाम शिकवला. शिकवलेल्यांमध्ये फुफ्फुसाचा त्रास जवळपास निम्म्याने कमी झाला. त्यासाठी ना महागडं औषध लागलं, ना मशीन.

कारण साधं आहे. पोटावर टाके असले की दुखण्याच्या भीतीने माणूस वरवर श्वास घेतो आणि खोकला दाबतो. मग फुफ्फुसाच्या तळाच्या बारीक हवेच्या पिशव्या मिटतात, कफ तिथेच साचतो आणि पुढे न्यूमोनिया होऊ शकतो. ऑपरेशननंतर गुंगी आणि वेदना असताना नवीन काही शिकणं कठीण जातं, म्हणून हे आधीच शिकवायचं.

समजा, ब्रह्मपुरीकडून आलेल्या मावशींचं पोट उघडून पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. आदल्या दिवशी त्यांना पाठ टेकवून ताठ बसवा आणि हात पोटाच्या वरच्या भागावर ठेवायला सांगा. नाकाने सावकाश श्वास आत घ्यायचा, हात वर उचलला गेला पाहिजे. दोन-तीन सेकंद रोखायचा आणि तोंडाने हळू सोडायचा. असे दहा श्वास, थोडी विश्रांती, पुन्हा दहा. मग उशी पोटाशी घट्ट धरून तीनदा खोकायचं. उशीमुळे टाक्यांना आधार मिळतो. ऑपरेशननंतर जागेपणी दर तासाला हेच करायचं. आपल्यापैकी अनेक जण आनापान करतात. तिथे श्वास जसा आहे तसा नुसता पाहायचा असतो, इथे तो मुद्दाम खोल करायचा आहे.

तीन गोळ्यांचं यंत्र दिलं असेल तर बहुतेक जण त्यात फुंकतात. ते चूक आहे. नळी ओठांत धरून हवा आत ओढायची. झटक्यात तिन्ही गोळ्या उडवण्यापेक्षा एखादी गोळी जास्त वेळ वर राहणं चांगलं.

इथे खर्र्याचा विषय काढावाच लागतो. विडी-सिगारेटने कफ वाढतो, म्हणून तारीख ठरताच ती बंद करावी. शक्यतो चार आठवडे आधी, पण तेवढा वेळ नसला तरी बंद करावीच. खर्रा खाणाऱ्याचं तोंड पूर्ण उघडत नसेल, तर ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना लपवू नका. भूल देताना घशातून नळी घालायची असते आणि तोंड उघडलं नाही तर तिथेच अडचण येते.

आता उठणं. “हलू नको, टाके तुटतील,” असं नातेवाईक प्रेमाने म्हणतात. पण पडून राहिल्याने कफ साचतो, आतडी सुस्तावतात आणि पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली की दुसऱ्याच दिवशी मावशींना बसवायचं. वेदनेचं औषध दिल्यानंतर अर्ध्या तासाने सुरुवात करावी. गुडघे दुमडून कुशीवर वळायचं, पाय खाली सोडता सोडता कोपराने रेटा देऊन उठायचं. सरळ उताणं असताना उठलं की सगळा ताण टाक्यांवर येतो. दोन मिनिटं काठावर बसू द्या. गरगरलं नाही तरच उभं करा. लघवीची पिशवी कमरेच्या खाली धरा. पहिल्या दिवशी खुर्चीपर्यंत, दुसऱ्या दिवशी वॉर्डच्या दारापर्यंत, मग दिवसातून तीन-चार फेऱ्या, असं वाढवत न्यायचं. पडल्या पडल्या पायाचे पंजे वर-खाली हलवत राहायचे.

काही खुणा दिसल्या तर चालणं थांबवून लगेच सिस्टरला बोलवा: ताप, धाप, पिवळा-हिरवा कफ, छातीत दुखणं, एकाच पोटरीला सूज. जखमेतून अचानक गुलाबी पाणी भसकन आलं तर टाका आतून सुटलेला असू शकतो. पेशंटला गुडघे दुमडून झोपवा आणि काही खायला-प्यायला देऊ नका.

सुट्टीनंतर साधारण सहा आठवडे जड उचलणं बंद. पंधरा लिटरची भरलेली बादली पंधरा किलोची असते, हे घरच्यांना मावशींसमोरच सांगा. नाहीतर नळ आला की त्या उठतीलच.